बेरीज बरोबर, देयक चूक: प्रवासखर्चाचा दावा तपासायचा कसा

लेखा विभागात नवीन होतो तेव्हा माझ्याकडे आलेला पहिला प्रवासखर्चाचा दावा मी दोन मिनिटांत मंजूर केला होता. कॅल्क्युलेटर काढला, सहा ओळींची बेरीज केली, खाली लिहिलेल्या आकड्याशी ती रुपयानिशी जुळली, सही ठोकली. महिनाभराने लेखापरीक्षकांनी तेच देयक परत पाठवलं. सहापैकी तीन ओळी चुकीच्या होत्या. बेरीज मात्र खरोखरच बरोबर होती.

तेव्हापासून माझा एक नियम आहे: दावेदाराने लिहिलेली एकूण रक्कम सगळ्यात शेवटी बघायची. आधी बघितली की नजर ती जुळवायच्या मागे लागते आणि प्रत्येक ओळ 'ठीकच असेल' वाटायला लागते. मी तर त्या आकड्यावर चिकटचिठ्ठी लावतो. हसतात लोक, हसू देत.

खाली एकच दावा सुरुवातीपासून शेवटपर्यंत तपासून दाखवतो. दर आणि नियम उदाहरणापुरते धरलेले आहेत. तुमच्या संस्थेचे वेगळे असतील, पण तपासण्याची रीत तीच राहते.

दावा असा आहे

एक कर्मचारी स्वतःच्या गाडीने मुख्य कार्यालयातून प्रकल्पस्थळी गेला. सोमवारी सकाळी ६:४० ला निघाला, गुरुवारी दुपारी २:३० ला परतला. तीन रात्री मुक्काम. फॉर्मवर लिहिलंय:

- वाहन: ६२८ किमी × ८ रुपये = ५,०२४
- दैनिक भत्ता: ४ दिवस × ६०० = २,४००
- निवास: ४,२००
- टोल: ४२५
- पार्किंग: १२०
- इंधन: १,५००
- एकूण: १३,६६९
- वजा उचल: ५,०००
- देय: ८,६६९

करून बघा, बेरीज बिनचूक आहे.

१. कागद आधी गोळा करा

फॉर्म आणि पावत्या एवढ्यावर तपासणी होत नाही. मला पुढचे कागद समोर लागतात:

- दौऱ्याची लेखी मान्यता (कुठे, कशासाठी, कोणत्या तारखांना)
- दौऱ्याच्या तारखांना लागू असलेली प्रवासखर्च नियमावली आणि दरपत्रक
- गाडीच्या मीटरच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या नोंदी, शक्यतो फोटोसह
- सगळ्या मूळ पावत्या
- उचलीची नोंद, म्हणजे दौऱ्याआधी दिलेली आगाऊ रक्कम
- संस्थेचं कार्ड दिलेलं असेल तर त्याचं विवरण

यातल्या दुसऱ्या ओळीवर नवीन माणूस हमखास घसरतो. दर बदलल्यावर तपासणारा आजचं दरपत्रक उघडतो, पण दौरा मागच्या महिन्यातला असतो. दर धरायचा तो प्रवासाच्या दिवसाचा, देयक सादर केल्याच्या दिवसाचा नाही. दौरा दर बदलण्याच्या तारखेवरून गेला असेल तर किलोमीटरचे दोन तुकडे करून दोन ओळी मागवा.

कार्डाचं विवरण कशाला, असं वाटेल. पावती खरी असते, खर्च खरा असतो, पण पैसे संस्थेच्या कार्डातूनच गेलेले असतात. पावती जोडली म्हणून ते पैसे कर्मचाऱ्याला दिले तर संस्थेने एकाच खोलीचं भाडं दोनदा भरल्यासारखं होतं.

२. रकमेला हात लावण्याआधी वेळरेषा काढा

कोऱ्या कागदावर दौरा तासांनुसार मांडा. निघाला केव्हा, पोहोचला केव्हा, झोपला कुठे, परतला केव्हा. किलोमीटर, भत्ता आणि पावत्या, तिन्ही याच रेषेवर बसायला हवेत. एखादी गोष्ट रेषेबाहेर पडली की तिथे प्रश्न विचारायचा.

फॉर्मवरची वेळ दावेदाराने स्वतः लिहिलेली असते, म्हणून तिला दुसरा साक्षीदार शोधा. टोलच्या पावतीवर तारखेसोबत वेळही छापलेली असते, आणि ती लिहिणाऱ्या यंत्राला भत्त्याशी काही देणंघेणं नसतं. आपल्या दाव्यात पहिला टोल सोमवारी ७:२० चा आणि शेवटचा गुरुवारी १:५० चा आहे. ६:४० ला निघालेला माणूस ७:२० ला पहिल्या नाक्यावर असणं पटतं. परतीच्या नाक्यापासून कार्यालय गाठायला चाळीस मिनिटं, हेही पटतं. वेळरेषा पक्की झाली.

३. किलोमीटर: मीटर, नकाशा आणि फॉर्म

मीटरची सुरुवातीची नोंद ४१,२८६, शेवटची ४१,९६८. वजाबाकी ६८२. फॉर्मवर ६२८.

इथे लगेच दुरुस्ती करू नका. तिसरा आकडा काढा: नकाशावरचं अंतर. एका बाजूने ३१० किमी, म्हणजे जाऊन येऊन ६२०. मुक्कामाची जागा प्रकल्पस्थळापासून ८ किमीवर आहे. सोमवारी स्थळावरून मुक्कामी एक फेरी, मंगळवारी आणि बुधवारी दोन-दोन, गुरुवारी पुन्हा स्थळावर जायला एक. सहा फेऱ्या, ४८ किमी. एकूण ६६८.

आता तीन आकडे समोर आहेत: मीटर ६८२, नकाशा ६६८, फॉर्म ६२८. मीटर आणि नकाशात १४ किमीचा फरक आहे, साधारण दोन टक्के. वळसा, चुकलेलं वळण, पार्किंग शोधणं यात एवढं सहज जातं, त्यासाठी कुणाला छेडण्यात अर्थ नाही. फरक दहा-पंधरा टक्क्यांवर गेला की विचारायचं. खासगी कामासाठी गाडी फिरवली असेल तर तेवढं अंतर वजा करायचं, रस्ता बंद असल्याने लांबून जावं लागलं असेल तर तसं कारण लिहून घ्यायचं.

फॉर्मवरचा आकडा मात्र नकाशापेक्षाही ४० किमीने कमी आहे. मुद्दाम कमी पैसे कोण मागेल? ६८२ आणि ६२८ एकाखाली एक लिहिले की दिसतं: लिहिताना शेवटच्या दोन अंकांची अदलाबदल झाली आहे. वाहनाची खरी रक्कम ६८२ × ८ = ५,४५६. कर्मचाऱ्याने स्वतःचंच ४३२ रुपयांचं नुकसान करून घेतलं होतं.

४. इंधनाची पावती

सगळ्यात जास्त वाद हिच्यावरून होतात, म्हणून हिला वेगळं पान. प्रति किलोमीटर दर म्हणजे नुसतं भाडं नव्हे. त्या आठ रुपयांत इंधन आहे, टायरची झीज आहे, सर्व्हिसिंग आहे, विम्याचा आणि गाडीच्या घसाऱ्याचाही वाटा आहे. तेव्हा किलोमीटरने पैसे घेतल्यावर इंधनाचे वेगळे मागणं म्हणजे तोच खर्च दोनदा मागणं. टोल आणि पार्किंग सहसा दरात धरलेले नसतात, त्यामुळे ते पावतीवर वेगळे मिळतात.

दावेदार बहुतेकदा लबाडी करत नसतो. हातात पावती होती, फॉर्मवर 'इतर' असा रकाना रिकामा होता, त्याने भरला. १,५०० ची ओळ शून्य करा, पण पावती फाडून टाकू नका. तिच्यावर 'पुरावा म्हणून ठेवली, रक्कम धरलेली नाही' असं लिहा. त्या दिवशी गाडी त्या रस्त्यावर होती, हे ती सांगते.

५. दैनिक भत्ता: दिवस कसे मोजायचे तेच आधी ठरवा

सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार. बोटांवर मोजले तर चार. पण नियमावली काय म्हणते?

दोन पद्धती सर्रास आढळतात. एकीत तारखेनुसार दिवस मोजतात, मध्यरात्रीला दिवस बदलतो. दुसरीत निघाल्या क्षणापासून चोवीस-चोवीस तासांचे गठ्ठे करतात. आपल्या उदाहरणात दुसरी पद्धत आहे, आणि उरलेल्या तासांसाठी नियम असा: बारा किंवा जास्त तास उरले तर पूर्ण भत्ता, सहा ते बारा असतील तर अर्धा, सहाच्या आत काही नाही.

सोमवार ६:४० पासून गुरुवार ६:४० पर्यंत तीन पूर्ण दिवस. तिथून २:३० पर्यंत ७ तास ५० मिनिटं, म्हणजे अर्धा. एकूण साडेतीन दिवस, २,१०० रुपये. तारखेची पद्धत असती तर हाच दौरा चार दिवसांचा ठरला असता, कारण गुरुवारीही मध्यरात्रीपासून साडेचौदा तास भरतात. म्हणजे कर्मचाऱ्याचं मोजणं मूर्खपणाचं नव्हतं, फक्त या नियमावलीतलं नव्हतं. परतीच्या टिपणीत 'दिवस चुकीचे' असं लिहिण्याऐवजी नियमाचा क्रमांक लिहा, भांडण टळतं.

तास स्प्रेडशीटमध्ये काढत असाल तर वेळेबरोबर तारीखही त्याच खान्यात हवी. नुसत्या वेळा वजा केल्या तर मधले दिवस गळतात. निघण्याची तारीख-वेळ `A2` मध्ये आणि परतीची `B2` मध्ये असेल तर:

```
=(B2-A2)*24
```

उत्तराचा खाना साध्या संख्येच्या स्वरूपात ठेवा. इथे ७९.८३ यायला हवं, म्हणजे ७९ तास ५० मिनिटं. खान्याचं स्वरूप वेळेचं राहिलं तर भलतंच काहीतरी दिसेल.

अजून एक गोष्ट उरली, आणि ती भत्त्याच्या ओळीत दिसतच नाही. ती निवासाच्या पावतीत लपलेली असते. बिल उघडून ओळी वाचा: पहिल्या दोन रात्री १,४५० प्रमाणे 'रात्रीच्या जेवणासह', तिसरी रात्र १,३०० ची नुसत्या मुक्कामाची. बेरीज ४,२००, फॉर्मशी जुळते. पण दैनिक भत्ता मुख्यतः जेवणखाणासाठीच असतो, आणि दोन जेवणं संस्थेने खोलीभाड्यातून आधीच दिली आहेत. आपल्या नियमावलीत अशा प्रत्येक जेवणामागे दिवसाच्या भत्त्याचा चौथा हिस्सा कापतात, म्हणजे १५० रुपये. दोन जेवणांचे ३००. भत्ता उरला १,८००.

निवासाची पावती फक्त निवासाच्या ओळीशी ताडून बाजूला ठेवणारा माणूस ही कपात कधीच पकडत नाही. पावतीची रक्कम बरोबर असते ना!

६. पावत्या दोन्ही बाजूंनी जुळवा

प्रत्येक पावतीवर पेन्सिलीने क्रमांक टाका आणि तोच क्रमांक फॉर्मवरच्या ओळीपुढे लिहा. मग दोनदा फिरायचं. आधी ओळीकडून पावतीकडे: प्रत्येक रकमेला कागद आहे का? नंतर पावतीकडून ओळीकडे: प्रत्येक कागद कुठल्यातरी ओळीत, आणि एकाच ओळीत, धरलाय का? पहिली फेरी सगळे करतात. दुहेरी मागणी दुसऱ्या फेरीत सापडते.

आपल्या दाव्यात टोलचे पाच कागद आहेत, ८५ रुपयांचा एकेक, म्हणून ४२५. वेळरेषेकडे बघा: वाटेत दोन नाके, जाताना आणि येताना मिळून चार वेळा टोल. मग पाचवा कागद कुठला? गुरुवारी १:५० चा टोल टॅगच्या विवरणातही आहे आणि मोबाइलवर आलेल्या संदेशाच्या छापील प्रतीतही. दोन्हींवर व्यवहार क्रमांक एकच. कागद दोन, टोल एक. खरी रक्कम ३४०. पार्किंगच्या तीन पावत्या ५०, ४० आणि ३० च्या, त्यात काही नाही.

पावती म्हणून काय चालतं, यावरही थोडं. कार्ड यंत्रातून निघालेली चिठ्ठी पैसे दिल्याचं सांगते, कशासाठी दिले ते सांगत नाही. तिच्यासोबत बिल हवंच. आरक्षणाची पुष्टी म्हणजे राहिल्याचा पुरावा नव्हे, आरक्षण नंतर रद्दही होतं. आणि टोल-पार्किंगच्या चकचकीत कागदावरची छपाई उष्णतेने उमटवलेली असते, ती काही महिन्यांत उडून जाते. अशा पावत्या हातात आल्या त्याच दिवशी स्कॅन करा, नाहीतर लेखापरीक्षणाला कोरी चिठोरी दाखवावी लागतील.

७. आता चिकटचिठ्ठी काढा

तुमच्या ओळी अशा झाल्या: ५,४५६ + १,८०० + ४,२०० + ३४० + १२० = ११,९१६. फॉर्मवर १३,६६९. फरक १,७५३.

हा १,७५३ चा आकडा एकटा बघितला तर काहीच सांगत नाही, कारण त्यात चार कारणं मिसळली आहेत. इंधनाचे १,५००, भत्त्याचे ६०० आणि टोलचे ८५ जादा, तर किलोमीटरचे ४३२ कमी. २,१८५ वजा ४३२, बरोबर १,७५३. फरकाचा असा पै न् पैचा ताळा लागल्याशिवाय काम संपलं म्हणू नका. दहा रुपये जरी खुलासा न होता उरले, तरी कुठेतरी एकमेकींना झाकणाऱ्या दोन चुका असू शकतात. याच दाव्यात इंधनाची पावती १,५०० ऐवजी ४३२ ची असती आणि बाकीच्या ओळी ठीक असत्या, तर दोन ओळी चुकूनही एकूण रक्कम तंतोतंत जुळली असती. माझ्या त्या पहिल्या दाव्यात थोडंफार असंच झालं होतं.

ओळीतला फरक मात्र पुष्कळ बोलतो. तो कसा ऐकायचा ते सांगतो.

फरकाला किलोमीटरच्या दराने पूर्ण भाग गेला तर आधी अंतर तपासा: ४३२ ÷ ८ = ५४ किमी. त्या ५४ ला पुन्हा नऊने भाग जातो. शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाली की फरक नेहमी नऊच्या पटीत येतो, म्हणून हिशेबनीस लोक पहिल्यांदा नऊने भागून बघतात. फरक एखाद्या पावतीएवढाच असेल तर ती दोनदा धरलेली किंवा राहून गेलेली असते. फरकाची निम्मी रक्कम एखाद्या ओळीशी जुळली तर वजा करायची ओळ मिळवली गेली आहे का ते बघा. उचलीच्या बाबतीत हे घडतं: ५,००० वजा करायच्या ऐवजी मिळवले की फरक १०,००० चा.

पण हे इशारेच आहेत. आपल्या भत्त्याच्या ओळीतला फरक ६०० चा, म्हणजे बरोबर एका दिवसाचा. घाईतला तपासनीस 'एक दिवस जादा धरला' असं लिहून मोकळा होईल. प्रत्यक्षात त्यात अर्ध्या दिवसाचे ३०० आणि दोन जेवणांचे ३०० आहेत. आकडा जुळला तरी कारण चुकलंच.

८. फॉर्म स्प्रेडशीटमध्ये आला असेल तर

छापील आकड्यांवर समाधान मानू नका, खान्यावर क्लिक करून आत काय आहे ते बघा. बेरजेच्या खान्यात सूत्राऐवजी नुसता टंकलेला आकडा असेल तर वरच्या ओळी बदलल्या तरी तो हलणार नाही. शेवटी नवी ओळ घातलेली असेल तर ती बेरजेच्या पल्ल्यात आली आहे का, तेही बघा.

सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे मजकूर म्हणून साठवलेली संख्या. डोळ्यांना ती संख्याच दिसते, पण `SUM` पल्ल्यातला मजकूर गुपचूप वगळते, चूकही दाखवत नाही. रकमा `E2` ते `E7` मध्ये असतील तर एका रिकाम्या खान्यात हे लिहा:

```
=ROWS(E2:E7)-COUNT(E2:E7)
```

शून्य आलं तर सगळ्या संख्या आहेत. एक किंवा जास्त आलं तर तेवढे खाने रिकामे तरी आहेत किंवा त्यांत मजकूर आहे.

९. देयक परत पाठवताना

स्वतः आकडे खोडून नवे लिहू नका, अगदी कर्मचाऱ्याच्या फायद्याचे असले तरी. दावा त्याचा आहे, दुरुस्ती आणि सही त्याचीच हवी. प्रत्येक ओळीसाठी मागितलेली रक्कम, ग्राह्य रक्कम आणि एका वाक्यात कारण, एवढंच लिहायचं. या दाव्यासोबत मी अशी टिपणी जोडेन:

'वाहन: मीटरच्या नोंदींनुसार ६८२ किमी, फॉर्मवर ६२८. ग्राह्य ५,४५६ (४३२ जादा देय). दैनिक भत्ता: चोवीस तासांच्या नियमाने साडेतीन दिवस, दोन जेवणांची कपात ३००. ग्राह्य १,८००. टोल: गुरुवार १:५० चा व्यवहार दोनदा धरला. ग्राह्य ३४०. इंधन: किलोमीटर दरात समाविष्ट. ग्राह्य शून्य. निवास व पार्किंग: मान्य. एकूण ग्राह्य ११,९१६, वजा उचल ५,०००, देय ६,९१६.'

कमी मागितलेली रक्कम टिपणीत मी पहिल्यांदा लिहितो. फॉर्मवर वाहनाची ओळ पहिली आहे म्हणून तर तसं होतंच, पण नसती तरी तिलाच वर घेतलं असतं. पुढचे तीन नकार वाचताना समोरचा माणूस निदान फोन फिरवून भांडायला येत नाही.

दुरुस्त दावा परत आला की पहिल्या प्रतीला नव्या प्रतीखाली टाचून ठेवा आणि फक्त बदललेल्या ओळी पुन्हा तपासा. आणि हो, नव्या प्रतीवरची बेरीज पुन्हा करा. घाईघाईत एक ओळ सुधारून खालचा जुना एकूण आकडा तसाच ठेवलेली देयकं माझ्याकडे अजूनही येतात.